कौलं घेऊन उत्तरेला: शिडाची गलबतं वाऱ्याशी जमवून कशी घेत

तुमच्यापैकी कुणाचं जुनं घर गोव्यात, कोकणात किंवा बेळगावच्या बाजूला असेल तर एखादं उतरवलेलं मंगलोरी कौल हातात घेऊन पाहा. पाठीमागे कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला ही कौलं १८६५ पासून बनू लागली आणि तिथून ती मुंबईपर्यंत पोचली. पोचली कशी? कोकणातून रेल्वे जायला अजून शंभराहून अधिक वर्षं होती आणि घाटातल्या बैलगाडीत कौलं टिकली नसती. ती समुद्रावरून, शिडाच्या फत्तेमारीतून गेली. मंगळूरहून मुंबई म्हणजे उत्तरेला, आणि आपल्या किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यात दुपारचा जोराचा वारा येतो वायव्येकडून. म्हणजे जायचंय तिकडूनच वारा समोर येतोय. तरीही भरलेली गलबतं इंजिनाशिवाय उत्तरेला जात. ती कशी, हे एकदा समजून घेतलं की शाळेत पाठ केलेल्या ‘खारे वारे आणि मतलई वारे’ या धड्यात केवढं सामर्थ्य होतं ते कळतं.

आधी शीड पाहू. फत्तेमारीला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत आणि त्या सरळ उभ्या नसून पुढे, नाळेकडे झुकलेल्या असत. डोलकाठीवर एक लांबलचक आडवं लाकूड तिरपं टांगलेलं असे, त्याला परबाण म्हणतात. ते पुष्कळदा जवळजवळ होडीच्या लांबीइतकं असे. एवढं लांब लाकूड एकसंध मिळत नाही, म्हणून दोन-तीन वासे एकमेकांवर चढवून दोरानं आवळून ते बनवत. परबाणाचं जाड टोक पुढे खाली, बारीक टोक मागे उंच. त्याला सुती कापडाचं शीड बांधलेलं. हे शीड जवळजवळ त्रिकोणी, फक्त पुढचा कोपरा थोडासा छाटल्यासारखा. मागच्या खालच्या कोपऱ्याला एक दोर, तो ओढला की शीड ताठ होतं, सोडला की वारा निसटून जातो.

२०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते अजिंठ्याच्या चित्रावरून बनवलं आहे आणि त्याची शिडं चौकोनी आहेत. फत्तेमारीचं शीड वेगळं. चौकोनी शीड होडीच्या आडवं टांगतात, वारा पाठीमागून आला की ते उत्तम ओढतं. पण वारा बाजूनं किंवा समोरून तिरपा आला की त्याची पुढची कड फडफडू लागते. तिरप्या शिडाची पुढची कड परबाणानं ताठ धरलेली असते आणि शीड होडीच्या लांबीच्या दिशेनं लावता येतं. त्यामुळे वारा समोरून साधारण ६० अंशांनी तिरपा येत असला तरी होडी पुढे सरकते. त्याहून जास्त वाऱ्याच्या तोंडात शिरायला गेलं तर शिडाची पुढची कड थरथरायला लागते. सुकाणूवरच्या माणसाची नजर त्या थरथरीवर खिळलेली असायची. शिवाय बाजूच्या वाऱ्यानं होडी थोडी आडवीही सरकते, त्याचे आणखी दहा-एक अंश धरा.

आता हे आकडे घेऊन रत्नागिरीहून मुंबईला जाऊ. समुद्रानं हे अंतर सुमारे ११५ सागरी मैल, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. दिशा उत्तर, किंचित पश्चिमेकडे कललेली. समजा वारा फक्त वायव्येचाच आहे. वारा डाव्या हाताला ठेवून होडी निघाली तर ती ईशान्य-उत्तरेला जाईल. चांगलं वाटतं, पण थोड्याच वेळात किनाऱ्याचे खडक समोर येतात. मग वळून वारा उजव्या हाताला घ्यायचा. आता होडीचं तोंड नैऋत्य-पश्चिमेला! म्हणजे दर मैलामागे ती जवळजवळ अर्धा मैल दक्षिणेला परत चालली. मुंबईला जायला निघालेला माणूस अशानं फारच हळू पुढे सरकेल. कागदावर बाण काढून पाहा, लगेच पटेल.

सुटका होते ती रात्रीच्या वाऱ्यामुळे. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमीन झपाट्यानं थंड होते, समुद्र तसाच उबदार राहतो, आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो पूर्वेचा किंवा ईशान्येकडे कललेला. उत्तरेला जाणाऱ्या होडीला तो बरोबर उजव्या बाजूनं लागतो, आणि बाजूचा वारा म्हणजे तिरप्या शिडाचं आवडतं खाद्य. हा वारा किनाऱ्यापासून काही मैलच पोचतो आणि त्यानं लाटाही मोठ्या उठत नाहीत, कारण उठायला जागाच नसते. तांडेल रात्री नांगर उचलायचा आणि वायव्य-उत्तरेला निघायचा. रात्रभरात होडी पुढे जाई आणि हळूहळू किनाऱ्यापासून दूरही होई.

हे दूर जाणं वाया गेलेलं नसे, ती दुसऱ्या दिवसाची शिल्लक असे. सकाळी ऊन चढलं की मतलई वारा मरतो. तास-दोन तास समुद्र तेलासारखा गुळगुळीत. मग पश्चिमेच्या क्षितिजावर पाण्याची एक काळसर रेघ दिसते आणि ती पुढे सरकत येते. तोच खारा वारा. आधी तो पश्चिमेचा असतो, दुपार कलताना वायव्येचा होतो. आता वारा डाव्या हाताला घेऊन होडी उत्तरेला, मग ईशान्य-उत्तरेला चालते आणि किनाऱ्याकडे परत येते. खडक समोर यायला आता वेळ लागतो, कारण रात्री कमावलेली शिल्लक हाताशी आहे. संध्याकाळी एखाद्या डोंगराच्या आडोशाला किंवा खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा, जेवायचं, आणि पुन्हा मतलई वाऱ्याची वाट बघायची.

हिशोब करू. रात्री ९ तास ताशी ३ मैल, दुपारी ७ तास ताशी ४ मैल, असे मिळून ५५ मैल. तिरपं चालण्यात थोडं जातं, म्हणजे उत्तरेला सुमारे ५० मैल पदरात. पहिल्या मुक्कामाला दाभोळ-हर्णे मागे पडलेलं, दुसऱ्याला रेवदंड्याच्या आसपास, तिसऱ्या दिवशी मुंबई. वारे नीट वागले तर. जयगड, दाभोळ, बाणकोट, राजपुरी, रेवदंडा या खाड्या किनाऱ्यावर अशा अंतरानं आहेत की वारा बिघडला तरी आडोसा फार लांब नसतो. या खाड्यांच्या मुखांवर किल्ले का आहेत, याचं अर्धं उत्तर मला तरी इथे दिसतं.

या पद्धतीत दिवसातून दोनदाच शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं, आणि तेही बहुधा दोन वाऱ्यांमधल्या शांत वेळात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण शीड फिरवणं हे या होडीचं सर्वांत अवघड काम. आजच्या क्रीडानौका नाक वाऱ्यातून फिरवून झटकन वळतात. फत्तेमारीला ते परवडत नाही. तिला उलट बाजूनं वळावं लागतं: आधी वाऱ्याला पाठ द्यायची, शिडाचा दोर सैल सोडायचा, परबाणाचं खालचं टोक डोलकाठीच्या बुंध्याशी ओढून ते जवळजवळ उभं करायचं, मग शिडाचा मोकळा कोपरा डोलकाठीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणायचा आणि परबाण पलीकडे टाकायचं. डोलकाठी पुढे झुकलेली का, ते इथे कळतं. टांगलेलं परबाण तिच्यापासून सुटं राहतं आणि पुढून फिरायला वाट मिळते. तेवढ्यात होडी वाऱ्यासोबत बरंच अंतर मागे घसरलेली असते. म्हणून वारंवार वळणं म्हणजे कमाई घालवणं.

आणि यातच धोका आहे. डोलकाठीला आधार देणारे दोर या होड्यांत कायमचे बांधलेले नसतात. शीड आणि परबाण अडू नये म्हणून ज्या बाजूनं वारा येतोय त्या बाजूचेच दोर ताणलेले असतात, दुसऱ्या बाजूचे सैल. प्रत्येक वळणाला ते बदलायचे. अशात वारा अचानक फिरला किंवा सुकाणूवरच्याला डुलकी लागली, तर शीड उलट्या बाजूनं भरून डोलकाठीवर दाबलं जातं. आता जोर येतोय त्या बाजूला आधाराचा एकही ताठ दोर नाही. डोलकाठी मोडू शकते, होडी कलंडू शकते. पुढच्या कडेची थरथर पहिल्या क्षणी ओळखून सुकाणू फिरवलं तरच हे टळतं.

दुसरी मर्यादा अशी की वारा वाढला म्हणून हे शीड थोडं गुंडाळून लहान करायची सोय नसते. परबाण खाली उतरवून मोठं शीड सोडायचं आणि लहान शीड बांधायचं. त्यासाठी होडीवर दोन-तीन मापांची शिडं असत. काळे ढग दिसल्यावर हे काम सुरू करणारा तांडेल उशीरच करत असतो.

म्हणूनच हंगाम ठरलेला. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेच्या फेरीला सगळ्यांत सोयीचे, कारण रात्री थंड आणि मतलई वारा भरवशाचा. एप्रिल-मे मध्ये रात्रीही जमीन तापलेली राहते, मतलई वारा दुबळा होतो आणि वायव्येचा वाढतो. तीच फेरी कितीतरी लांबते. दक्षिणेला परतणाऱ्याची मात्र चैन. वायव्येचा वारा पाठीमागून तिरपा, शीड मोकळं सोडायचं आणि जायचं. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुरू झाला की सगळंच थांबे. तो वारा आणि त्याच्यासोबतच्या लाटा होडीला सरळ खडकांवर ढकलतात, खाडीच्या तोंडाशी वाळूवर लाटा फुटतात, आणि एवढं मोठं परबाण त्या वाऱ्यात उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. होड्या खाडीत आत घेऊन किंवा काठावर ओढून झापांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जाई, तरी मोठी भरलेली गलबतं समुद्र पुरता निवल्यावरच बाहेर पडत.

पुढे इंजिनं आली तेव्हा परबाणं एकदम गेली नाहीत. डिझेल वाचवायला पुष्कळ होड्यांवर एक शीड बरीच वर्षं राहिलं. ते लावायचं फक्त वारा पाठीमागून असला तर. समोरच्या वाऱ्याचं काम इंजिनानं घेतलं आणि मतलई वाऱ्यासाठी रात्री नांगर उचलायची गरज उरली नाही.