आकडा नेमका कुणाचा?

माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशींपेक्षा जिवाणू दहापट असतात, हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं आहे. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत ते येतं, विज्ञानाच्या व्याख्यानांत येतं, आणि आतड्यातल्या जिवाणूंवरच्या कितीतरी शोधनिबंधांची सुरुवातच त्याने झालेली आहे. शोधनिबंधात असं वाक्य नुसतं लिहून चालत नाही, त्याला आधार द्यावा लागतो. इथे तो आधार बहुतेकदा ठरलेला असे : सॅव्हेज, १९७७.

ड्वेन सॅव्हेज हे पचनमार्गातल्या जिवाणूंचे जाणकार. 'ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ मायक्रोबायॉलॉजी' या वार्षिकात त्यांनी लिहिलेला हा मजकूर म्हणजे आढावा लेख, संशोधकांच्या बोलीत 'रिव्ह्यू'. आढावा लेखक एखाद्या विषयावर तोवर झालेले अभ्यास वाचतो, त्यांची संगती लावतो आणि आज आपल्याला काय माहीत आहे ते सांगतो. स्वतः प्रयोगशाळेत जाऊन मोजणं हे त्याचं काम नसतं. सॅव्हेज यांनीही जिवाणू मोजले नव्हते. त्यांनी दुसऱ्याचा आकडा घेतला आणि तो कुणाचा, हेही रीतसर नोंदवलं : लकी, १९७२.

म्हणून लकी यांचा लेख काढून बघावा, तर तिथेही मोजणी नाही. एका परिसंवादाच्या प्रास्ताविकासारखा तो दोन-तीन पानी मजकूर आहे आणि आकडा आला आहे तो साध्या गुणाकारातून. पचनमार्गातल्या एक ग्रॅम मजकुरात सुमारे १० हजार कोटी जिवाणू, आणि पचनमार्गात मावतो सुमारे एक लिटर, म्हणजे ढोबळमानाने हजार ग्रॅम मजकूर. गुणाकार झाला १०० लाख कोटी जिवाणू. माणसाच्या स्वतःच्या पेशी १० लाख कोटी धरल्या, की गुणोत्तर दहास एक.

गुणाकार बरोबर आहे. घोटाळा आहे तो गृहीतात. ग्रॅममागे १० हजार कोटी ही दाटी मोठ्या आतड्यातली, मळातली. जठरात आम्लामुळे जिवाणू फार टिकत नाहीत, आणि लहान आतड्यातही त्यांची संख्या मोठ्या आतड्याच्या मानाने नगण्यच असते. म्हणजे सर्वांत दाट वस्तीचा दर सगळ्या पचनमार्गाला लावला गेला होता. प्रास्ताविकात अंदाज देण्यापुरतं ते ठीकच होतं. पण पुढची चाळीस वर्षं तो अंदाज 'मोजलेला आकडा' म्हणून फिरला.

२०१६ साली रॉन सेंडर, शाय फ्युक्स आणि रॉन मिलो यांनी 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात हा हिशेब नव्याने मांडला. मोठ्या आतड्यातला मजकूर त्यांनी सुमारे ०.४ लिटर धरला, मळातल्या जिवाणूंच्या वेगवेगळ्या मोजण्या एकत्र केल्या, आणि ७० किलो वजनाच्या तरुण पुरुषासाठी जिवाणूंची संख्या आली ३८ लाख कोटी. मानवी पेशी त्यांच्या हिशेबात ३० लाख कोटी, आणि त्यांतल्या चौऱ्याऐंशी टक्के एकट्या तांबड्या रक्तपेशी. गुणोत्तर उरलं साधारण १.३ ला १. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत, की एकदा शौचाला जाऊन आल्यावर पारडं मानवी पेशींकडे झुकू शकतं, असंही त्यांनी नोंदवलं.

यात सॅव्हेज खोटं बोलले असं कुणी म्हणणार नाही. आपला आकडा कुठून आला ते त्यांनी सांगितलंच होतं. ज्यांनी पुढे 'सॅव्हेज, १९७७' असं लिहिलं, त्यांतल्या फार थोड्यांनी त्या वाटेवर आणखी एक पाऊल टाकलं असावं. टाकलं असतं तर अर्ध्या तासात समजलं असतं, की या आकड्यामागे प्रयोग नाही, गृहीत आहे.

मग आढावा लेखाचा संदर्भ द्यायचाच नाही का? पीएच.डी.चे काही गाइड विद्यार्थ्यांना तसं सरसकट बजावतात, पण तेही चूक आहे. निर्णय अख्ख्या प्रबंधासाठी एकदाच घेऊन टाकायचा नसतो. तो वाक्यागणिक घ्यायचा असतो, आणि प्रश्न एकच विचारायचा : हे वाक्य खरं ठरवण्याचं काम कुणी केलं आहे?

समजा, आतड्यातल्या जिवाणूंवरच्या लेखात पहिलं वाक्य असं आहे : 'आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध पचनाशी आणि रोगप्रतिकारशक्तीशीही आहे.' हे कुण्या एका प्रयोगातून सिद्ध झालेलं नाही. शेकडो अभ्यासांचं ते एकत्रित सांगणं आहे. इथे अलीकडचा एखादा चांगला आढावा लेख दिला, तर वाचकाला पुढे जायला दार मिळतं. त्याऐवजी कुठलेही तीन प्रयोग उचलून दिले, तर तेच तीन का, याला उत्तर नसतं.

दुसरं वाक्य : 'जिवाणूविरहित उंदरांच्या आतड्यात जिवाणू सोडल्यावर दोन आठवड्यांत त्यांच्या शरीरातली चरबी ६० टक्क्यांनी वाढली.' इथे प्रयोग आहे, प्राणी आहे, कालावधी आहे, टक्केवारी आहे. हे काम अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत झालं आणि बॅकहेड व सहकाऱ्यांच्या नावाने २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. संदर्भ त्याच निबंधाचा हवा, आणि तो उघडून वाचलेला हवा. आढावा लेखात अशा प्रयोगाच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. त्या ओळीत 'जिवाणूंमुळे चरबी वाढते' एवढंच उरू शकतं. ते उंदीर जन्मापासून जिवाणूविरहित वाढवलेले होते, जिवाणू सोडल्यावर त्यांनी खाल्लं उलट कमी आणि तरीही चरबी वाढली, हे तपशील गळून जातात. खरा मुद्दा तर त्या तपशिलातच आहे. शिवाय गोष्ट उंदरांची आहे, माणसांची नाही. आढाव्यावरून लिहिणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं.

तिसरं वाक्य : 'शरीरातल्या जिवाणूंची आणि पेशींची संख्या जवळपास सारखी आहे.' इथे सेंडर व सहकाऱ्यांचा २०१६चा निबंध द्यायचा. पण त्यांनी तरी कुठे जिवाणू मोजले? त्यांनीही इतरांच्या मोजण्याच एकत्र केल्या. तरीही ३८ लाख कोटी हा आकडा त्यांचाच आहे, कारण त्यांच्या आधीच्या कुठल्याही निबंधात तो सापडत नाही. कोणत्या मोजण्या घ्यायच्या, आतड्याचं आकारमान किती धरायचं, चूक किती असू शकते, हे त्यांनी ठरवलं आणि उघड मांडलं. एखाद्या औषधाच्या वीस चाचण्यांचे निकाल गणिताने एकत्र करून काढलेल्या सरासरीलाही हाच न्याय लागू होतो. ती सरासरी त्या एकत्रित अभ्यासाची निष्पत्ती असते, म्हणून संदर्भही त्याचाच द्यायचा. मात्र 'मळाच्या एका ग्रॅममध्ये इतके जिवाणू' असं लिहायचं असेल, तर सेंडर यांच्याही मागे जाऊन प्रत्यक्ष मोजणाऱ्याला गाठलं पाहिजे. शीर्षकावर 'आढावा' लिहिलं आहे की नाही, यावरून काही ठरत नाही.

आणि चौथं वाक्य : 'जिवाणू दहापट आहेत असा समज अनेक दशकं रूढ होता.' या वाक्यासाठी मात्र सॅव्हेज, १९७७ हाच अस्सल पुरावा आहे, कारण इथे दावा जिवाणूंबद्दल नसून समजाबद्दल आहे. तोच लेख एका वाक्याला चालत नाही आणि दुसऱ्याला तोच लागतो.

मूळ निबंध गाठला, की तीन गोष्टी पाहायच्या. ज्या वाक्यासाठी आपण आलो, त्या वाक्याला तिथेही कुणा तिसऱ्याचा संदर्भ जोडलेला आहे का? असेल तर आपण अजून मुळाशी पोचलेलो नाही. आकडा कसा काढला ते 'पद्धती'च्या विभागात सापडतं का? आणि आढावा लेख जे म्हणतो तेच मूळ लेखक म्हणतो का, की मूळात 'कदाचित' होतं आणि वाटेत ते गळालं? प्रास्ताविकातलं वाक्य आणि निष्कर्षातलं वाक्य यांची किंमतही सारखी नसते. प्रास्ताविकात लेखक ऐकीव लिहितो, निष्कर्षात स्वतः पाहिलेलं.

इथे एक पळवाट फार वापरात आहे. वाचायचा आढावा लेख, आणि त्याच्या संदर्भसूचीतून मूळ निबंधाचं नाव उचलून आपल्या सूचीत चिकटवायचं. दिसायला अभ्यास खोल वाटतो. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३च्या सुमारास ही चोरी पकडण्याची नामी युक्ती काढली. १९७३चा एक गाजलेला भौतिकशास्त्राचा निबंध त्यांनी घेतला. त्याचे ४,३०० संदर्भ तपासले, तर १९६ ठिकाणी खंड, पान किंवा साल चुकलेलं होतं. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या, आणि एकच चूक ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती. इतक्या जणांची बोटं स्वतंत्रपणे एकाच जागी घसरत नाहीत. त्यांनी एकमेकांच्या सूचीतून उतरवून घेतलं होतं. संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ निबंध वाचणारे जेमतेम वीस टक्के असावेत, असा अंदाज त्या दोघांनी यावरून बांधला.

मूळ निबंध खरोखरच मिळत नसेल, तर सरळ तसं लिहावं : 'लकी, १९७२, सॅव्हेज, १९७७ मधून उद्धृत'. यात कमीपणा नाही. आपण काय वाचलं आणि काय नाही, हे वाचकाला कळतं आणि तो हवा तेवढाच विश्वास ठेवतो. सगळा लेख मात्र अशा उद्धृतांनी भरला, तर परीक्षकाने हटकावंच.

आढावा लेखाकडे झुकण्याला एक व्यावहारिक कारणही असतं. काही नियतकालिकं संदर्भांच्या संख्येला मर्यादा घालतात. दहा मूळ निबंधांच्या जागी एक आढावा दिला, की नऊ जागा वाचतात. पण त्या दहा जणांनी प्रयोगशाळेत घालवलेल्या वर्षांचं श्रेय मग आढावा लिहिणाऱ्याच्या खात्यात जमा होतं, आणि नेमणुका-बढत्या पुष्कळदा याच खात्यावरून ठरतात. संशोधनाच्या मूल्यमापनावर २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या 'डोरा' जाहीरनाम्यात म्हणूनच संशोधकांना सांगितलं आहे, की शक्य तिथे आढाव्याऐवजी ज्यांनी निरीक्षण पहिल्यांदा नोंदवलं त्यांचा संदर्भ द्या. जागा कमीच असेल, तर ज्या एक-दोन अभ्यासांवर आपला युक्तिवाद उभा आहे ते मूळ निबंध द्यावेत, आणि पार्श्वभूमीसाठी 'आढाव्यासाठी पाहा' असं म्हणून एक आढावा लेख जोडावा.

प्रत्येक वाक्याच्या मागे चाळीस वर्षं जायला कुणालाच वेळ नसतो, आणि तशी गरजही नसते. लेख लिहून झाला की त्यातलं एकेक वाक्य मनातल्या मनात खोटं ठरवून पाहावं. जे खोटं ठरल्याने आपला निष्कर्ष कोसळतो, त्याचा मूळ निबंध त्याच दिवशी उघडावा. बाकीच्यांना चांगला आढावा पुरतो.