कराची रेघ कुठे मारायची?

लोखंडी कपाटे बनवणाऱ्या एका कारखान्याचे बिल माझ्या टेबलावर आहे. माल कुपवाडहून कराडच्या फर्निचरच्या दुकानात गेला आहे. दहा कपाटे, यादीतला भाव प्रत्येकी १२,००० रुपये. बिलात वरून खाली सगळे रीतसर लिहिले आहे: मालाची किंमत १,२०,०००, त्यातून १० टक्के व्यापारी सूट वजा, राहिले १,०८,०००. मग त्यावर १८ टक्के जीएसटी १९,४४०. आणि कर लावून झाल्यावर, अगदी तळाशी, पॅकिंग २,००० आणि गाडीभाडे ४,०००. एकूण १,३३,४४० रुपये.

बेरीज बरोबर आहे, बिल मात्र चुकलेले आहे. पॅकिंग आणि भाडे कराच्या रेघेखाली गेले, आणि सरकारचा १,०८० रुपयांचा कर कमी भरला गेला. असे बिल महिन्याला वीस फाटत असेल तर वर्षाअखेर हा आकडा अडीच लाखांच्या पुढे जातो. अशी बिले मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. करणाऱ्याच्या मनात लबाडी नसते. ‘भाडे हा काही माझा माल नाही, ते मी टेम्पोवाल्याला देतो, त्यावर मी कर का लावू?’ असा त्याचा सरळ प्रश्न असतो.

उत्तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. विक्रेता आणि ग्राहक एकमेकांचे संबंधित नसतील, तर सौद्यात ठरलेली किंमत हेच करपात्र मूल्य. पण माल ग्राहकाच्या ताब्यात देईपर्यंत विक्रेत्याने त्या विक्रीसाठी जे काही केले आणि ज्याचे पैसे ग्राहकाकडून घेतले, ते सारे या किमतीतच धरायचे. पॅकिंगचा तर कायद्यात नावाने उल्लेख आहे. पुठ्ठा, लाकडी चौकट, गाडीत माल चढवण्याची हमाली, हे बिलात वेगळ्या ओळीत दाखवले म्हणून वेगळे होत नाही.

भाड्याचे थोडे समजून घ्यावे लागते, कारण तिथे सौदा काय ठरला हे बघावे लागते. कपाटे कराडच्या दुकानात पोहोचवून देण्याची जबाबदारी कारखानदाराने घेतली असेल, तर ग्राहकाने घेतला तो ‘दारात पोहोचलेला माल’. भाडे त्याच्याच किमतीचा भाग, आणि त्यावर दरही कपाटाचाच, म्हणजे १८ टक्के. वाहतुकीचा म्हणून ५ टक्के दर लावून मोकळे होता येत नाही. उलट, सौदा कारखान्याच्या फाटकापर्यंतचाच असेल, दुकानदाराने स्वतः टेम्पो ठरवला आणि भाडेही स्वतःच दिले, तर त्या भाड्याचा कारखानदाराच्या बिलाशी संबंध नाही.

घोळ होतो तो या दोन्हींच्या मध्ये. पोहोच देण्याचे कारखानदाराने कबूल केलेले असते, पण बिल्टी ‘टू-पे’ असते. दुकानदार ४,००० रुपये ड्रायव्हरच्या हातावर ठेवतो आणि बिलाचे पैसे देताना तेवढे कापून घेतो. कारखानदाराला वाटते, भाडे आपल्या वहीत आलेच नाही. पण देणे त्याचे होते, भागवले ग्राहकाने. अशी रक्कम करपात्र मूल्यातून सुटत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे.

आता तेच बिल नीट करू. व्यापारी सूट विक्रीच्या वेळीच दिली आहे आणि बिलावर दाखवली आहे, म्हणून ती वजा होते. राहिले १,०८,०००. त्यात पॅकिंग २,००० आणि भाडे ४,००० मिळवले की करपात्र मूल्य १,१४,०००. त्यावर १८ टक्के म्हणजे २०,५२०, त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. बिल १,३४,५२० रुपयांचे.

राहिली रोखीची सूट, जिला बाजारात सगळे ‘सीडी’ म्हणतात. या दुकानदाराला सवलत आहे: १५ दिवसांत पैसे दिले तर मालाच्या किमतीवर २ टक्के, म्हणजे २,१६० रुपये. बाकीच्या रकमा बिल फाडताना ठाऊक असतात. ही मात्र पुढे काय घडते त्यावर अवलंबून असते. पैसे आधीच हातात आले असतील तर प्रश्न नाही. सूट बिलातच दाखवा, करपात्र मूल्य १,११,८४० होईल. पण पैसे यायचे असताना बिलाखाली नुसते ‘१५ दिवसांत २ टक्के’ असे छापले म्हणून आजच कर कमी लावता येत नाही. कर पूर्ण १,१४,००० वरच लावायचा.

पंधराव्या दिवशी पैसे आले की दोन वाटा आहेत. पहिली, जीएसटीसह क्रेडिट नोट: २,१६० अधिक त्यावरचा कर ३८८.८० रुपये. कारखानदाराचा कर तेवढा कमी होतो, पण दुकानदाराने घेतलेले तेवढे इनपुट क्रेडिट त्याने परत फिरवायला हवे. शिवाय सूट विक्रीआधीच ठरलेली आणि त्या बिलाशी जोडलेली असावी, ही कलम १५ ची मूळ अट आहे. आधीच्या कराराची ही अट काढून टाकावी, अशी शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली. तरीही सूट दरपत्रकात लिहून ठेवा आणि क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर टाका. हा पुरावा कधी वाया जात नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच अशी नोट विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो.

दुसरी वाट साधी. फक्त २,१६० रुपयांची, कराशिवायची क्रेडिट नोट. कारखानदाराचा कर २०,५२० च राहतो आणि दुकानदाराला क्रेडिट फिरवावे लागत नाही. ३८८.८० रुपये तो जास्त देतो, पण तेवढे त्याला क्रेडिटमधून मिळतात. नोंदणीकृत ग्राहकाशी व्यवहार असेल आणि रक्कम लहान असेल तर मी हीच वाट सुचवतो. कागद कमी, वाद कमी. मात्र ग्राहक कंपोझिशनमधला किंवा घरगुती असेल तर त्याला क्रेडिट मिळत नाही, ते पैसे त्याच्या खिशातून जातात. तिथे पहिली वाटच न्यायाची.

पैसे वेळेवर आले नाहीत आणि कारखानदाराने उशिराचे व्याज घेतले, तर तेही मूल्यात धरले जाते. व्याज हातात येईल तेव्हा त्यावर कर भरावा लागतो.

चूक झाली आहे का, हे शोधायला अधिकाऱ्याची वाट पाहू नका. नफातोटा पत्रकात ‘भाडे वसुली’ किंवा ‘पॅकिंग वसुली’ या नावाचे खाते आहे का ते बघा. त्यात जमा असलेली रक्कम जीएसटी विवरणपत्रातल्या करपात्र विक्रीत आली आहे का, ते ताडून पाहा. तपासणीला येणारा अधिकारीही हेच करतो, फक्त तो येईपर्यंत कमी भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज चढलेले असते. आणि आज एक काम नक्की करा: बिलाचा नमुना संगणकात उघडा आणि पॅकिंग, हमाली, भाडे या तिन्ही ओळी कराच्या ओळीच्या वर घ्या.