जागा मोकळी करण्यापूर्वी

भोकरदनमधील एखाद्या घरचे लग्न नुकतेच पार पडले आहे आणि फोनमधील जागा संपली आहे, असे समजू. अशा वेळी ‘गूगल फोटोज’मधील ‘Free up space’ हे बटन मोहात पाडते. बॅकअप झालेल्या छायाचित्रांच्या फोनमधील प्रती ते पुसून टाकते. त्यानंतर प्रत उरते ती केवळ गूगलच्या सर्व्हरवर, आणि इंटरनेटविना ती नीट उघडत नाही.

खात्री त्याच फोनवर करण्यात अर्थ नाही, कारण तेथे फोनमधील प्रतही तशीच दिसते. संगणकावर photos.google.com उघडून त्याच खात्याने प्रवेश करावा. लग्नातील पहिले व शेवटचे छायाचित्र दिसते का आणि व्हिडिओ अखेरपर्यंत चालतो का, हे पाहावे.

पण छायाचित्र दिसले म्हणजे मूळ प्रत सुरक्षित आहे, असे नव्हे. बॅकअपचा दर्जा ‘Storage saver’ असल्यास १६ मेगापिक्सेलहून मोठी छायाचित्रे लहान केली जातात. ५० मेगापिक्सेलचे मूळ छायाचित्र मग फोनमध्येच असते, आणि बटन दाबताच तेही जाते. फोनच्या पडद्यावर हा फरक कळत नाही. भिंतीवर लावायला मोठी प्रत काढताना कळतो. नंतर ‘Original quality’ निवडूनही गेलेला तपशील परत येत नाही. त्यामुळे मूळ छायाचित्रे आधी संगणकावर उतरवून घ्यावीत.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र पुढची. ‘फोनमध्ये आहेच’ या समजुतीने अ‍ॅपमधून छायाचित्र काढून टाकले, तर ती शेवटची प्रत असते. ‘ट्रॅश’मध्ये ती ६० दिवस मिळते, नंतर नाही.