दोन मुदती, एक डाव

कॅलेंडर स्प्रेडमध्ये एकाच भावाचे दोन ऑप्शन असतात: जवळच्या मुदतीचा विकायचा, लांबचा घ्यायचा. निफ्टी २२,००० वर आणि अपेक्षित चढउतार वार्षिक २० टक्के असला, तर व्याज बाजूला ठेवून २२,००० चा सात दिवसांचा कॉल सुमारे २४४ रुपयांना, अठ्ठावीस दिवसांचा ४८७ ला पडतो. खर्च २४३. पहिल्या दिवशी जवळचा अठराएक रुपये झिजतो, लांबचा नऊच. हा फरक म्हणजेच कमाई.

पण लांबचा ऑप्शन चढउताराच्या अंदाजाला दुप्पट हळवा! निफ्टी जागचा न हलता हा अंदाज दोन्हीकडे १५ टक्क्यांवर घसरला, तर फरक १८३ वर येतो. साठ रुपये गेले, म्हणजे पहिल्या दिवसाच्या कमाईच्या जवळपास सातपट.

४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, इंडिया व्हिक्स २६ च्या वर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी १९ च्या आसपास.