श्रेणी घसरली, व्याज चढलं

२७ एप्रिल २०१० रोजी एस अँड पी या पतमानांकन संस्थेनं ग्रीसची श्रेणी ‘बीबीबी प्लस’वरून थेट ‘बीबी प्लस’वर आणली. गुंतवणूकयोग्य रोख्यांची हद्द ‘बीबीबी मायनस’लाच संपते. तिच्याखालचे रोखे बाळगायला अनेक फंडांना नियमानंच मनाई असते.

मग विक्री होते, भाव पडतो. समजा, वर्षभरानं १०५ युरो देणारा रोखा कुणी ९५ला विकला, तर घेणाऱ्याला साडेदहा टक्के सुटतात. बाजारात जुना रोखा एवढं देत असताना नवं कर्ज पाच टक्क्यांनी कोण देईल?

ही वाढ म्हणजे पैसे बुडण्याच्या धोक्याची भरपाई, आणि तो धोका खरा होता. २०१२ मध्ये ग्रीसच्या खासगी रोखेधारकांना दर्शनी किमतीच्या निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडावं लागलं.