वर्ग नेमका कुठे अडला?

चाचणीचे गुण वहीत चढवले की कोणाला किती पडले ते कळतं, पण वर्गाला कोणतं गणित जड गेलं ते कळत नाही. त्यासाठी पेपर एकेका मुलाचा नव्हे, एकेका प्रश्नाचा वाचावा लागतो. पेपर वाटण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर हे काम घरी निवांत करता येतं.

समजा, सातवीचा वर्ग आहे, पट ४० आणि पाठपोट कागदावर दहा प्रश्न. कागदावर प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ आखायची आणि त्यात बरोबर, चूक, कोरा आणि ‘फोटो नाही’ असे चार रकाने करायचे. मग सगळ्यांचा पहिला प्रश्न, नंतर सगळ्यांचा दुसरा, असं बघत ताळ्याच्या खुणा करायच्या. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांना छेदणारी. प्रत्येक ओळीची बेरीज ४० आलीच पाहिजे.

चौथा रकाना अनेकजण गाळतात आणि तिथेच फसतात. आपल्या वर्गात नववा प्रश्न २४ जणांना आला नाही असं दिसतं, चौथा २३ जणांना. म्हणजे नववा सर्वांत अवघड? आधी फोटो मोजा. चाळीस कागदांचे ८० हवेत, आहेत ७५. पाच मुलांची मागची बाजू काढायचीच राहिली आणि नववा प्रश्न मागेच होता. ती पाच वजा केली की ३५ पैकी १९ उरतात. त्यातल्या बाराजणांनी प्रश्न कोरा सोडलाय. त्यांचा दहावाही कोरा असेल, तर बहुधा वेळ पुरला नाही. सोडवलेल्या २३ जणांपैकी चुकले फक्त सात.

चौथा प्रश्न मात्र ३८ जणांनी सोडवला आणि २१ जणांचा चुकला. खरी अडचण इथे आहे. गणित साधं: ५ − २.३८. उत्तर २.६२.

आता चुकीची उत्तरंही मोजायची, कारण नुसती संख्या कारण सांगत नाही. तेरा जणांनी ३.३८ लिहिलं: पाचातून दोन गेले, .३८ तसंच खाली उतरवलं. पाच जणांचं २.३३ आलं. त्यांनी ५ हा अंक ८च्या खाली मांडून २३८मधून वजा केला. तिघांचं ३.६२, म्हणजे हातचा घेतला, पण पाचाचे चार करायचे राहिले. या तिघांना वजाबाकीचा सराव पुरेल. बाकीच्या अठरांना ५ म्हणजेच ५.०० हे उमगलेलं नाही.

दोन प्रश्नांत एक-दोन खुणांचाच फरक असेल, तर त्यावरून निवाडा करू नका. इथे तसं नाही. उद्याच्या तासाला फळ्यावर ५.०० लिहा आणि मुलांना विचारा, पाच रुपयांतून २ रुपये ३८ पैसे गेले तर हातात किती उरतील?