काचेत चुना कशासाठी?

पंधराव्या शतकाच्या मध्यावर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर एक नवी काच तयार होऊ लागली. आंजेलो बारोव्हिएर या कारागिराचं नाव तिच्याशी जोडलं जातं. ‘क्रिस्ताल्लो’ नावाच्या या काचेत जुन्या काचेचा हिरवट-पिवळट रंग जवळजवळ नव्हता. तिच्यासाठी तिचिनो नदीतल्या पांढऱ्या गारगोट्या दळत. सोडा मिळे तो पूर्व भूमध्यसागराकडच्या खारवट जमिनीवर उगवणाऱ्या झुडपांच्या राखेतून. कारागीर ही राख पाण्यात उकळत, गाळत, पाणी आटवत आणि मागे उरलेला पांढरा क्षार वापरत. गाळ टाकून देत.

त्या गाळात चुना होता.

काचेचा मुख्य घटक म्हणजे वाळूतली सिलिका. तिच्यात सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंना धरून असतो आणि त्यांची घट्ट जाळी बनते. ही जाळी सैल व्हायला 1,700 अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं. तेवढी उष्णता पूर्वीच्या कुठल्याच भट्टीत मिळत नसे. सोडा घातला की सोडियम जाळीतले काही दुवे तोडतो. साधारण पाव हिस्सा सोडा असलेलं मिश्रण तर सुमारे 800 अंशांनाच वितळतं. पण तुटलेल्या दुव्यांपाशी सोडियम सैलच बसलेला असतो, आणि पाणी लागलं की सुटून जातो. नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते. तिचा द्राव ‘वॉटर ग्लास’ नावाने विकला जातो.

इथे चुन्याचं काम सुरू होतं. कॅल्शियमवर दुहेरी विद्युतभार असतो. तो तुटलेल्या दोन टोकांना एकाच वेळी धरून ठेवतो, जागचा सहज हलत नाही आणि सोडियमच्या वाटाही अडवतो.

मुरानोच्या कारागिरांना रसायनशास्त्राची ही बाजू माहीत असण्याचं कारण नव्हतं. काच जितकी स्वच्छ करावी तितका तिच्यातला चुना कमी होई, आणि हात फार आखडला की ती आजारी पडे. आज संग्रहालयांत अशी काही जुनी काच ‘रडते’. हवेतलं बाष्प तिच्यातला सोडियम ओढून घेतं, पृष्ठभाग बुळबुळीत होतो, त्यावर बारीक थेंब जमतात. नंतर वरचा ओलसर थर सुकून आकसतो आणि भेगांचं जाळं उमटतं. गेलेला सोडियम परत घालता येत नाही. कपाटातली आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवणं एवढाच उपाय उरतो.

आजचा कारखानदार चुना मोजून घालतो. 74 टक्के सिलिका, 16 टक्के सोडा आणि 10 टक्के चुना अशी साधी काच 100 किलो हवी असेल, तर 74 किलो वाळू, सुमारे 27 किलो सोडा ॲश आणि 18 किलो चुनखडी लागते. बेरीज 119 भरते. वरचे 19 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन भट्टीतून निघून जातात. याच वायूचे बुडबुडे रसात अडकतात, म्हणून रस 1,500 अंशांच्या वर नेऊन पातळ करावा लागतो आणि थोडं सोडियम सल्फेट घालून बुडबुडे मोठे करून वर आणावे लागतात.

मग चुना आणखी वाढवला तर? काच टिकाऊ होते, पण तिला घडवणं अवघड होतं. रस थंड होताना फार लवकर घट्ट होतो, कारागिराच्या किंवा यंत्राच्या हाती वेळ कमी उरतो. त्याच तापमानात जास्त वेळ राहिला तर त्यात स्फटिक वाढू लागतात आणि काच तिथे पांढुरकी, ठिसूळ होते. म्हणून खिडकीच्या काचेत चुन्याचा काही वाटा डोलोमाइटमधला मॅग्नेशिया घेतो; त्याने स्फटिक उशिरा धरतात. किंचित ॲल्युमिनाही घालतात, तो पाण्याला आणखी अडवतो.

इतकं करूनही ही काच पाण्याला पूर्ण दाद देत नाही असं नाही. पावसाळ्यात दमट गोदामात एकमेकांना टेकवून ठेवलेल्या काचांमध्ये ओल शिरली की हे दिसतं. उघड्या काचेवरचं पाणी वाहून जातं, पण दोन काचांमधला तो पातळ थर तिथेच राहतो. बाहेर आलेला सोडियम त्या थेंबभर पाण्यालाच तीव्र अल्कधर्मी करतो, आणि असं पाणी मग खुद्द सिलिकाच्या जाळीला खाऊ लागतं. आधी इंद्रधनुषी झाक येते. ती वेळीच घासली तर निघू शकते. पांढरा धूसर पापुद्रा धरला की मात्र काच वाया गेली. म्हणूनच कारखान्यात काचांच्या मधे कागद किंवा बारीक भुकटी घालतात. दोन काचांत अंतर राहतं, आणि भुकटीत मिसळलेलं सौम्य आम्ल बाहेर येणाऱ्या सोड्याची तीव्रता तिथल्या तिथे मारतं.